दोन रिकाम्या जागा

आपण जिला पाटीवर ग म भ न गिरवायला शिकवलं, त्याच मुलीच्या शेजारी बाकावर बसून तिच्यापेक्षा कमी मार्क मिळवायचे, हा प्रकार ज्यांनी अनुभवला नाही त्यांनी मला धीराच्या गोष्टी सांगू नयेत. मी तो सबंध उन्हाळाभर अनुभवला. सोलापूरचा उन्हाळा आधीच काही कमी नसतो.

त्या वेळी मी तिशी ओलांडली होती. एकोणीसशे तिसाच्या पुढचं कुठलं तरी साल असेल. मुलींच्या शाळेत अगदी लहान मुलींचा वर्ग माझ्याकडे होता. सगळ्या जणी मला बाई म्हणत, पण माझ्याकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नव्हतं. मुख्य बाईंनी माझी सातवी झालेली पाहून दयेपोटी मला ठेवून घेतलं होतं. दया म्हटलं की मला अजूनही मिरची झोंबते, पण होती ती दयाच. माझा नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता. मला मूल होईना म्हणून त्याने दुसरी केली आणि एका सकाळी मला ट्रंकेसकट सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून मी माझ्या धाकट्या भावाकडे राहत होते. सासर सोडून आली, असं लोक म्हणत. सोडून आली की सोडून दिली, याची चौकशी करायला कुणाला सवड होती?

मग वरून हुकूम आला. ज्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही त्यांना यापुढे शाळेत ठेवायचं नाही. ज्यांना शिकवायचंच असेल त्यांनी निवडपरीक्षा द्यावी, निवड झाली तर पुण्याला दोन वर्षं ट्रेनिंगला जावं आणि पक्की मास्तरीण होऊन परत यावं. नाही झाली, तर घरी बसावं. घरी म्हणजे माझ्या बाबतीत भावाच्या घरी, जन्मभर. मला एवढंच दिसत होतं. दिवसा दिसायचं, भाकरी थापताना दिसायचं, देवापुढे हात जोडले तरी तेच दिसायचं.

परीक्षा नव्या धर्तीची होती. निबंध नाही, कवितेचा अर्थ नाही. सायक्लोस्टाइल केलेले कागद, त्यावर बारीक बारीक प्रश्न, आणि उत्तरं त्यांनीच दिलेली. आपण फक्त खूण करायची. ऐकायला किती सोपं! मुख्य बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन हे सगळं शिकून आल्या होत्या. सुट्टीत त्या आम्हा परीक्षेला बसणाऱ्यांना शाळेच्या मधल्या खोलीत बसवून तयारी करून घेत. बसणाऱ्या बाकीच्या सगळ्या मुली होत्या, नुकती सातवी झालेल्या. मी एकटीच घोडी. त्यातली एक माझी जुनी विद्यार्थिनी, साखर पेठेतल्या विणकरांच्या घरची. घरी तेलुगू बोलायची आणि माझ्या वर्गात आली तेव्हा तिला मराठीत पाणी मागता येत नव्हतं. आता ती माझ्या शेजारी बसायची आणि मी दिसले की उठून उभी राहायची. मी तिला म्हटलं, "अगं बस, मी आता तुझ्यासारखीच." ती बसली, पण बाकाच्या अगदी टोकाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं घोडं अडायचं ते दोन रिकाम्या जागांच्या प्रश्नांवर. एका वाक्यात दोन शब्द गाळलेले. खाली चार जोड्या. जोडीतला पहिला शब्द पहिल्या जागेत, दुसरा दुसऱ्या जागेत, आणि दोन्ही बसले पाहिजेत. एक बसून चालायचं नाही. पहिल्याच दिवशी मुख्य बाईंनी फळ्यावर लिहिलं:

"वाट ______ असूनही गाडीवान बैल ______ हाकत होता, कारण त्याला अंधार पडायच्या आत मंद्रूप गाठायचे होते."

आणि खाली जोड्या: सपाट – भरभर, खडकाळ – सावकाश, खडकाळ – भरभर, सपाट – सावकाश.

मी क्षणात हात वर केला. "खडकाळ – सावकाश."

मला त्यात शंकाच नव्हती. खडकाळ वाट आली की बैल सावकाश जाणारच. मी लहान मुलींना वर्षानुवर्षं जोडीचे शब्द शिकवत आले होते. काळा म्हटलं की कोळसा, पांढरा म्हटलं की बगळा. शब्द एकमेकांचे हात धरूनच माझ्या डोक्यात राहायचे.  मुख्य बाईंनी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती उठली आणि खाली बघत म्हणाली, "खडकाळ – भरभर."

"का ते या बाईंना समजावून सांग," मुख्य बाई म्हणाल्या.

काय वाटलं असेल मला? ती पोर माझ्याकडे न बघता फळ्याशी बोलली. तिने आधी दुसरी जागा धरली. अंधार पडायच्या आत पोहोचायचंय, म्हणजे बैल भरभरच हाकणार. मग 'सावकाश' असलेल्या दोन्ही जोड्या गेल्या, त्यांचा पहिला शब्द काय आहे ते बघायचंसुद्धा कारण नाही. राहिल्या दोन, सपाट आणि खडकाळ. 'असूनही' म्हणजे अडचण असली तरी. सपाट वाट ही काही अडचण नव्हे. म्हणून खडकाळ. शेवटी तिने सगळं वाक्य दोन्ही शब्द घालून एकदा वाचून दाखवलं. मराठीचे शब्द तिला लहानपणापासून हात धरून भेटले नव्हते, म्हणून ती त्यांच्या ओळखीपाळखीला भुलत नव्हती. वाक्य काय सांगतंय एवढंच बघत होती. हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला फक्त कान गरम झालेले कळत होते.

मुख्य बाईंनी मग मला जवळ बसवून माझी रीत पाहिली. मी काय करायची, तर पहिली जोडी दोन्ही जागांत घालून सबंध वाक्य वाचायची, मग दुसरी जोडी घालून सबंध वाक्य, मग तिसरी. चौथीपर्यंत पोहोचले की पहिली कशी वाटली होती ते विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. "अहो, अशानं पेपर अर्धासुद्धा व्हायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी जोड्यांकडे बघूच नका. वाक्य वाचा. कुठल्या जागेत काय येईल याचा स्वतःच अंदाज बांधा. दोन्हीतली जी जागा सोपी वाटेल ती धरा, पहिलीच धरली पाहिजे असं नाही. चारही जोड्यांतला त्याच जागेचा शब्द तेवढा तपासा. नाही बसला की सबंध जोडी खोडा. तिचा दुसरा शब्द कितीही गोजिरा असो, त्याचा मोह नको. उरतील त्यांचीच दुसरी जागा बघायची. आणि पण, म्हणून, कारण, तरी यांच्यावर बोट ठेवा. दोन शब्दांचं आपसांत काय नातं आहे ते हेच सांगतात."

घरी मी भावाला कामाला लावलं. तो गिरणीत टाईमकीपर होता. लोक भोंग्याच्या आत फाटकात शिरले की नाही, हे बघण्यात त्याचं आयुष्य चाललेलं, त्यामुळे माझ्यावर घड्याळ लावायला त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. दिवेलागणीला तो अंगणात बाजेवर बसायचा, हातात घड्याळ धरायचा आणि म्हणायचा, "हं, सुटली गाडी!" मी प्रश्न मोठ्यानं वाचायची. हळूहळू त्यालाही नाद लागला. माझ्या आधी तोच ओरडायचा, "दुसरी जागा धर आक्का, दुसरी सोपी हाय!" कधी कधी तो माझ्या आधी उत्तर काढायचा आणि मांडीवर थाप मारायचा. माझी भावजय आतून हसायची. "वन्सं, परीक्षेला ह्यास्नीच धाडा की," ती म्हणायची. त्या अंगणात मला हरायची लाज वाटायची नाही. तिथं मी झपाट्याने सुधारले. खोडणं हेच खरं काम आहे, शोधणं नव्हे, हे माझ्या हाताला कळलं.

परीक्षा आमच्याच शाळेत होती. सकाळी लेखी, दुपारी तोंडी. नव्या धर्तीचे पेपर तपासायला वेळ लागत नसे. बरोबर उत्तरांची किल्ली समोर ठेवून खुणा जुळवल्या की झालं. परीक्षक तिघे होते. एक शाळाखात्याचे डेप्युटी साहेब, एक पुण्याहून आलेल्या ट्रेनिंगच्या बाई, आणि गावातलेच एक निवृत्त हेडमास्तर. मराठीचे प्रश्न या हेडमास्तरांनीच काढले होते. ते गळ्याला उपरणं गुंडाळून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मुलीच्या लग्नात बाप घालतो तशा.

पेपर मला चांगला जात होता. खोडत खोडत मी पुढे निघाले होते. दोन रिकाम्या जागांचे प्रश्न आले तेव्हा तर मला चक्क बरं वाटलं. आणि मग हा प्रश्न आला. तो मला आजही अक्षरशः पाठ आहे.

"सासर सोडून आलेल्या मुलीचा माहेरच्या माणसांना ______ होतो, म्हणून घरात तिच्या वाट्याला ______ येणे साहजिक आहे."

भार – मान. आधार – टोमणे. भार – टोमणे. आधार – मान.

आधी मला वाटलं, हा प्रश्न माझ्यावरच काढला आहे. मी मान वर करून बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मग शेजारी नजर गेली. माझी विद्यार्थिनी त्याच प्रश्नावर होती. तिने खूण केली आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवला. पूर्ण पेपरात तिने दुसरं एकही उत्तर झाकलं नव्हतं. तिने काय लिहिलं असेल ते मला बघायची गरज राहिली नाही. मला तिचा राग आला नाही, पण तिने हात ठेवावा इतकी मी उघडी पडले होते, याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घामाबरोबर पुसून टाकलं.

मग मी मुख्य बाईंनी शिकवल्याप्रमाणे केलं. पहिली जागा: भार बसतो, आधारही बसतो. एकही जोडी जात नाही. दुसरी जागा: मान बसतो, टोमणेही बसतात. तरी एकही जात नाही. असा प्रश्न आला की शब्द एकेकटे तपासून भागत नाही, नातं बघायचं. 'म्हणून' वर बोट ठेवलं. भार होतो म्हणून मान? शक्य नाही, खोडली. आधार होतो म्हणून टोमणे? तीही खोडली. उरल्या दोन: भार – टोमणे, आणि आधार – मान. त्या 'म्हणून'च्या दोन्ही अंगांना चपखल बसत होत्या. वाक्यात आणखी काही पुरावा आहे का म्हणून मी ते पुन्हा वाचलं, परत वाचलं. काही नाही. अंधार पडायच्या आत मंद्रूप गाठायचंय, असं इथं कुणी सांगितलं नव्हतं.

हेडमास्तरांना काय हवंय ते मला चांगलं ठाऊक होतं. सगळ्या सोलापूरला ठाऊक होतं. मार्क पाहिजे तर तिकडे खूण करायची आणि पुढे जायचं. अक्कल तेच सांगत होती. पण माझा स्वभाव पडला असा. मी 'आधार – मान' वर खूण केली, तीही अशी दाबून की टाकाचं टोक कागदात रुतलं.

दुपारी तोंडी परीक्षेला एकेकीला आत बोलवत होते. दार उघडंच ठेवलं होतं, वारा यावा म्हणून. बाहेर बाकावर सगळ्या मुली बसलेल्या, आतलं अक्षर न् अक्षर त्यांना ऐकू येत होतं. माझी पाळी आली. डेप्युटी साहेबांनी माझा पेपर उलटसुलट केला आणि म्हणाले, "छान आहे. पण एक गंमत बघा, अवघड तेवढे बरोबर आणि हा सर्वांत सोपा चुकलेला. बाकी एकूण एक मुलीला आलाय." आणि त्यांनी तो प्रश्न मोठ्यानं वाचला.

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"चुकला नाही, साहेब," मी म्हणाले. आवाज माझा मलाच चिरका वाटला.

हेडमास्तर पुढे झुकले. "चुकला नाही म्हणजे? किल्ली मी केलीये."

"दोन जोड्या बसतात. भार – टोमणे बसते, आधार – मानही बसते. दोन उरल्या तर आणखी एखादी खूण वाक्यात पाहिजे, कुठली घ्यायची ते सांगणारी. या वाक्यात ती नाही."

"अहो, ती खूण वाक्यात कशाला पाहिजे? जगाला माहीत असलेली गोष्ट आहे."

पुण्याच्या बाई इतका वेळ हाताने वारा घेत बसल्या होत्या. त्या थांबल्या. "मग वाक्य तरी कशाला द्यायचं, हेडमास्तर? जगाला माहीत असलेलं विचारायचं तर नुसत्या जोड्या द्यायच्या."

हेडमास्तरांना ते झोंबलं. पण बाईंना उलट बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते माझ्याकडे वळले. "ठीक. तुम्ही म्हणता दुसरी जोडी बसते. कागदावर काहीही बसेल. असं एक तरी घर दाखवा मला. परत आलेली मुलगी, आणि घरात तिला मान. एक घर."

मला त्याच वेळी उठून निघून जाता आलं असतं. कितीतरी वर्षं मी शाळेत असं वागत आले होते की नवरा फिरतीवर आहे असं नव्या मुलींना वाटावं. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, आणि कुणी विचारलंच तर कुर्डुवाडीचं नाव घेऊन मी विषय बदलायची. बाहेर बाकावर सगळ्या बसल्या होत्या. माझी विद्यार्थिनी बसली होती. मला पुण्याला जायचं होतं.

"माझं घर," मी म्हणाले. "मी सासरहून आलेलीच आहे, साहेब. नवऱ्यानं दुसरी केली. इथं भावाकडे असते. त्याला माझा आधार वाटतो. त्याच्या घरात मला मान आहे."

 हेडमास्तरांनी उपरणं सारखं केलं.  ज्या गोष्टीची लाज बाळगली ती भर दुपारी, उघड्या दारात, तीन परक्या माणसांसमोर मी पुरावा म्हणून मांडली होती. वादात जिंकत होते हे मला कळत होतं आणि त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. डेप्युटी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "प्रश्न सदोष आहे. सगळ्यांच्या पेपरातून काढून टाका." पुण्याच्या बाईंनी मला जायला खुणावलं. बाहेर आले तर बाकावरच्या सगळ्या जणी आपापल्या पायांकडे बघत होत्या. माझी विद्यार्थिनी उठून उभी राहिली. या वेळी मी तिला बस म्हटलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात नावं वाचली. तिचं नाव आलं, आणि त्यानंतर थोड्या वेळाने माझं.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. पेठेतून चालत आले असणार, मागांचा खटखटाट दोन्ही बाजूंनी चालूच असणार. आठवतं ते एवढंच की दारात पाऊल टाकलं तेव्हा भाऊ पायरीवर बसून माझीच वाट बघत होता. माझं तोंड बघून त्याला काय ते कळलं. तो जागचा उठला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आत ओरडला, "अगं, झालं की गं! आक्का पुण्याला निघाली!" भावजयीने गूळ आणून माझ्या हातावर ठेवला. मी रडले, ती रडली. तो मात्र लहान पोरासारखा माझ्या मागे लागला. "सांग की आक्का, काय काय विचारलं? दोन जागांचं अवघड हुतं का? एक तरी सांग. बघू मला येतंय का."

मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर त्याच्या तोंडून ते ऐकावं असंही मनात होतं. दुपारी मी त्याच्या नावाने जे सांगून आले होते, ते त्याला आपणहून सापडावं आणि मग मी त्याला सगळी हकीकत सांगावी. मी प्रश्न म्हटला. जोड्या म्हटल्या. त्याने सवयीने खिशातून घड्याळ काढलं, पण त्याच्याकडे बघायची वेळही आली नाही.

"भार – टोमणे," तो म्हणाला. "ह्यात काय अवघड हाय? एका दमात जमलं की न्हाय?"

आत तव्यावर उलथनं वाजत होतं ते थांबलं.

तो माझ्याकडे बघून हसत होता. शाबासकीची वाट बघत होता. मग भावजय दारात येऊन उभी राहिली, त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरत गेलं ते मी पाहिलं.  त्याने घड्याळाला किल्ली द्यायला सुरुवात केली. किल्ली संपली तरी तो पिळत होता.

मला आधी लाज वाटली ती माझी. ज्याच्या घराची मी साक्ष काढली, त्याला विचारायचंसुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. मग वाटलं, आता आठवून बघ, या माणसाने तुला कधी एक तरी टोमणा मारलाय? नव्हता मारला. एकदाही नाही. मी आल्यापासून त्याने मला विचारल्याखेरीज घरात कसली खरेदी केली नव्हती, की बायकोला माझ्यावर आवाज चढवू दिला नव्हता. तरी भार हा शब्द त्याच्या तोंडून किती सहज आला. तो शोधावा लागला नाही, तिथंच होता. इतकी वर्षं माझा भाऊ तो भार उचलत होता आणि मला मान देत होता. भार – मान. ती जोडी मी सकाळी सगळ्यांत आधी खोडली होती. हे होणंच शक्य नाही, म्हणून.

"बरोबर," मी म्हणाले. "मला नाही आला. तुला आला."

त्याने मान खाली घातली. भावजय आत गेली, आणि मी पुण्याला न्यायची ट्रंक माळ्यावरून काढून द्यायला त्याला सांगितलं.